सुतकाचं जेवण

डॉक्टर इंद्रभान सरनाईक खाटेजवळ कधी लगेच जात नसत. ते दाराशी थांबायचे, हात पाठीमागे बांधायचे आणि नुसतं बघत राहायचे. मागच्या दोघा विद्यार्थ्यांनाही तसंच उभं करून ठेवायचे.

"आधी डोळे," ते म्हणायचे. "ऐकायची नळी गळ्यात राहू द्या. ती काही पळून जात नाही."

वाशीम गावाच्या कडेला, कापसाच्या गाड्या जिनिंगकडे जायच्या त्या रस्त्यावर, त्यांचा आठ खाटांचा दवाखाना होता. लढाईची वर्षं होती. औषधं मुंबईहून निघायची आणि कधी पोचायची, कधी नाही. दरवर्षी दिवाळीच्या सुट्टीत नागपूरला वैद्यकी शिकणारी आसपासची मुलं डॉक्टरांकडे येत. यंदा दोघं होती. विजयमाला ही गावातल्या रामरावांची मुलगी आणि मदनसिंग रिसोडकडचा. दोघांचंही शेवटचं वर्ष. परीक्षेत एक रोगी पुढ्यात देतात, त्याला तपासायचं आणि मग परीक्षकासमोर उभं राहून त्याचं सगळं सांगायचं. मदनसिंगाला त्याची गंमत वाटे. विजयमालेचे मात्र नुसत्या विचारानं हात गार पडत. पुस्तकं तिला तोंडपाठ होती. पण माणूस समोर बसला की तिला वाटायचं, हा आता काहीतरी पुस्तकाबाहेरचं बोलेल.

कस्तुराबाई आली त्या सकाळीही ती मागेच उभी होती.

किन्हीराजा गावाहून बैलगाडीनं तिला आणलं होतं. वय तिशीच्या जरा पुढे. गाडीत तिला आडवं करता आलं नव्हतं. पाठीशी सरकीचं पोतं लावून सगळा रस्ता ती बसून आली होती, आणि आता खाटेवरही दोन्ही हात मागे टेकून बसली होती. गालांवर जांभळट लाली. ओठ निळसर. दोन शब्द बोलायचे तर मध्ये थांबावं लागे. पाय गुडघ्यापर्यंत सुजलेले, आणि जोडव्यांच्या कडेनं मांस वर आलेलं. एका बाजूला नवरा बबनराव पागोटं हातात घेऊन उभा होता. दुसऱ्या बाजूला सासू रंगूबाई, उंच, हडकुळी म्हातारी. तिनं सुनेचा पदर नीट केला, परत नीट केला.

"बोल, विजू," डॉक्टर म्हणाले. "इथूनच बोल. काय दिसतं?"

"बसूनही दम लागतोय," विजयमाला हळूच म्हणाली. "आडवं होता येत नाही. मानेची शीर फुगलीय. पार जबड्यापर्यंत."

"मदनसिंग, शीर फुगली म्हणजे काय?"

"उजव्या बाजूला रक्त तुंबलंय. हृदय पुढे ढकलत नाही, म्हणून मागे साचतं. शिरेत, यकृतात, पायांत."

"आणि दम?"

"तो डावीकडचा. फुप्फुसात पाणी."

"दोन्ही बाजू आल्या. आता जवळ जा."

विजयमालेनं मनगट धरलं. नाडी भरभर होती आणि तिला कसलाही ताल नव्हता. दोन ठोके जवळ, मग पोकळी, मग एक बारीक, मग मोठा. मदनसिंगानं छातीवर नळी ठेवून त्याच वेळी ठोके मोजले. छातीत जास्त भरले, मनगटात कमी. काही ठोके इतके दुबळे होते की हातापर्यंत पोचतच नव्हते. फुप्फुसांच्या तळाशी, ओल्या वाळूवरून पाय घासावा तशी करकर. उजव्या बरगडीखाली यकृत हाताला लागलं, आणि दाबताच कस्तुराबाई कळवळली. घोट्यावर अंगठा दाबला तर खड्डा पडला आणि तसाच राहिला. शेवटी डॉक्टरांनी तिला डाव्या कुशीला जरा कलवलं आणि नळी विजयमालेच्या हातात दिली. हृदयाच्या टोकाशी, दोन ठोक्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत, लांबवर जातं फिरावं तशी खोल घरघर होती.

"लहानपणी सांधे धरले होते का हो हिचे?" डॉक्टरांनी रंगूबाईला विचारलं.

"तिच्या मायनं सांगतलं होतं. ताप आला, अन् गुडगे सुजले. आज हा, उद्या तो."

"तिथंच हे सुरू झालं," डॉक्टर मुलांकडे वळले. "तापानं झडपेला व्रण पडला. तो आखडत आखडत दार अरुंद झालं. वरचा कप्पा ताणला गेला आणि आता थरथरतोय, म्हणून नाडीला ताल नाही. रोगाचं मूळ सांगितलं, हृदयाची रचना सांगितली, ताल सांगितला. पण एक राहिलं. ही कोणत्या वर्गात?"

अमेरिकेतल्या डॉक्टरांनी ठरवलेले वर्ग चार होते, ते विजयमालेला झोपेतही म्हणता आले असते. नेहमीच्या कामानं काहीच होत नाही तो पहिला. नेहमीच्या कामानं दम लागतो तो दुसरा. त्याहून कमी कामानं लागतो तो तिसरा. बसल्या जागी लागतो तो चौथा.

"चौथ्या," ती म्हणाली.

"आज चौथ्या. पण हिचं नेहमीचं काम म्हणजे काय, ते विचारलंस? अमेरिकेतल्या माणसाचं नेहमीचं काम आणि किन्हीराजाच्या सुनेचं एक नव्हे. वर्ग पुस्तकात असतो खरा, पण काम घरात असतं. ते घरात जाऊन विचारावं लागतं."

विजयमालेनं मान हलवली. वाक्य छान होतं, तिनं ते लक्षात ठेवलं. त्याचा अर्थ तिला पुढे कळायचा होता.

उपचार त्याच सकाळी सुरू झाले. पाठीशी उशा रचून बसतं ठेवायचं, खाटेवरून उतरू द्यायचं नाही. डिजिटॅलिस या विलायती झाडाच्या पानाची भुकटी, गोळी करून. "ही हृदयाचा वेग आवरते, ठोक्याला जोर देते," डॉक्टरांनी सांगितलं. "पण गुण आणि विष यांच्यात हिचं अंतर फार थोडं. गोळीआधी दरवेळी छातीवर नळी ठेवून ठोके मोजायचे. साठाच्या खाली गेले की गोळी थांबवायची, मला विचारत बसायचं नाही." लघवी मोकळी व्हावी म्हणून आधी नवसागराचं मिश्रण आणि मग पाऱ्याचं इंजेक्शन. कपाटात त्याच्या थोड्याच कुप्या उरल्या होत्या. "आणि मीठ बंद," ते रंगूबाईला म्हणाले. "अजिबात नाही. मीठ पाणी धरून ठेवतं. भाकर अळणी, भाजी अळणी, दूध चालेल. कळलं का, आजी?"

रंगूबाईच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. मग ती म्हणाली, "कळलं, डाक्तरसायेब."

रोग्याचं जेवण त्याच्या घरच्यांनीच करायचं, अशी तिथली रीत. मागच्या अंगणात कडुनिंबाखाली तीन दगडांच्या चुली मांडलेल्या असत. दुपारी रंगूबाई भाकर आणि मुगाचं वरण घेऊन आली. कस्तुराबाईनं एक घास तोंडात घातला, थांबली, आणि ताट हळूच लांब सारलं. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी येऊ लागलं.

"खाय, कस्तुरे."

"नोको, आत्याबाई. हे नोको."

विजयमाला शेजारीच होती. तोंडाला चव नाही, आजार्‍याला होतंच असं, हे तिला ठाऊक होतं. यकृत तुंबलं की भूक मरते, असं पुस्तकातही होतं. "थोडं थोडं खा," ती म्हणाली आणि पुढच्या खाटेकडे गेली.

दुसऱ्या दिवशी कस्तुराबाईनं सगळं ताट साफ केलं.

इंजेक्शननं काम केलं होतं. बादल्याच्या बादल्या लघवी झाली. पायांवरची कातडी सुरकुतली. ती दोन उशांवर झोपली, आणि बबनराव आनंदानं बाजारातून गुलाबजाम घेऊन आला. ते त्याला एकट्यालाच खावे लागले.

"डॉक्टरीणबाई, तुमी बी घ्या ना एक."

"तुम्हीच खा. तुमचं हृदय चांगलं आहे."

"चांगलं कायचं! हिच्यापायी आठ दिवस झाले, उलटंसुलटं होऊन राह्यलं."

कस्तुराबाई हसली. पहिल्यांदाच. तिचा एक दात पडलेला होता आणि हसताना ती पदर तोंडावर घ्यायची. विजयमालेला ती त्या दिवसापासून फार आवडू लागली. तिची खाट ती सकाळी सगळ्यात आधी गाठायची. 'जेवण चांगलं, भूक परत आली' असं ती फेरीत मोठ्या आवाजात सांगायची, आणि तो आवाज आपलाच आहे याचं तिला नवल वाटायचं.

पण पुढच्या आठवड्यात सूज परत चढली. आधी घोट्याला, मग नडगीला. मानेची शीर पुन्हा दिसू लागली. रात्री तिसरी उशी मागितल्याचं कस्तुराबाईनं सकाळी अपराध्यासारखं सांगितलं. डॉक्टरांनी दुसरं इंजेक्शन दिलं. दोन दिवस बरं, पुन्हा तेच. नाडीही परत धावत होती.

फेरी संपल्यावर ते तिघं ओसरीवर बसले. चर्चा नेहमी तिथंच व्हायची.

"औषध चालू असताना रोगी बिघडतो," डॉक्टर म्हणाले. "का? कारणं सांगा."

"पुन्हा सांध्यांचा ताप उसळला असेल," मदनसिंग म्हणाला.

"ताप नाही. सांधे मोकळे आहेत."

"छातीत सर्दी, न्यूमोनिया?"

"खोकला नाही. पुढे."

"रक्त कमी असेल. नाहीतर उठून फिरत असेल."

"डोळ्यांची खालची पापणी लाल आहे. आणि आजी तिला पाऊल खाली ठेवू देत नाही. विजू, तू?"

"औषध कमी पडत असेल," विजयमाला म्हणाली. "ठोके अजून शंभरावर आहेत. पान वाढवायला वाव आहे."

"खाणं? मीठ?"

"अळणीच आहे. मी विचारलंय."

"कुणाला?"

"रंगूबाईंना. दोनदा विचारलं. 'तुमी सांगतलं तसंच' म्हणाल्या."

डॉक्टर म्हणाले, "ठीक. ठोके जास्त आहेत तोवर तुझं म्हणणं बरोबर आहे. पान वाढवू. पण नजर ठेव."

वाढवलेल्या गोळ्यांनी नाडी खरंच आवरली. सूज तेवढी हटली नाही, म्हणून पाऱ्याचं आणखी एक इंजेक्शन झालं. मग एका सकाळी कस्तुराबाईनं चहा ओकला. दुपारी दूध ओकलं. दुसऱ्या दिवशी तिला ताटाकडे बघवेना.

"यकृत," मदनसिंग म्हणाला. "सूज आहेच. त्यात ती म्हणते सगळं पिवळं दिसतं. कावीळ धरली."

विजयमाला खाटेपाशी बसली. "काय पिवळं दिसतं, कस्तुराबाई?"

"सारंच, बाई. भीत पिवळी, तुमचं लुगडं पिवळं. कोनी हळद सांडली असं वाटून राह्यलं." तिनं डोळे मिटले. "हळदीच्या दिवशी कसं असते, तसं."

"पाहू दे मला."

विजयमालेनं खालची पापणी ओढली, तिला खिडकीकडे वळवलं. डोळ्यांतलं पांढरं स्वच्छ पांढरं होतं. पिवळेपणा डोळ्यांत नव्हता, नजरेत होता.

तिनं नळी छातीवर ठेवली. ठोका, आणि त्याच्या पाठीला चिकटून दुसरा. मग लांब पोकळी. पुन्हा ठोका आणि त्याचा जोडीदार. जोड्या जोड्यांनी, संथ. ती मोजत राहिली, आणि आकडा पन्नासापर्यंतही पोचला नाही.

"मदनसिंग," ती म्हणाली, "सकाळची गोळी दिली?"

"अजून नाही. पण नाडी किती छान संथ झालीय बघ ना, काल तर—"

"देऊ नकोस. ही कावीळ नाही. हे पानाचं विष आहे."

डॉक्टर आले तेव्हा ती पहिल्यांदाच खाटेच्या पुढच्या बाजूला उभी होती. सगळं तिनं सांगितलं: आधी भूक गेली, मग उलटी, मग पिवळी नजर, आणि आता जोडीचे ठोके. डॉक्टरांनी स्वतः ऐकलं. बराच वेळ ऐकलं.

"गोळी बंद. पाऱ्याचं इंजेक्शनही बंद, त्यानं हे विष जास्त बाधतं." ते ओसरीवर येऊन बसले. तेव्हा त्यांचा आवाज थकलेला होता. "आता पोटात गेलेलं पान काढून घेता येत नाही, पोरी. ते आपल्या चालीनं जाईल. तोवर एखाद्या ठोक्याशी हृदय बिथरलं तर आपल्या हातात काही नाही. आणि पान बंद, इंजेक्शन बंद, म्हणजे सूज मोकाट. दोन्हीकडून कोंडी."

"मी म्हटलं म्हणून वाढवलं."

"मी वाढवलं. तू म्हटलंस. पण एक सांग. पान एवढं वाढलं, इंजेक्शनं एवढी झाली, तरी सूज का हटली नाही? अरुंद दार तेच आहे. पहिल्या आठवड्यात हटली, मग का नाही? या प्रश्नाचं उत्तर आपण पानात शोधलं. ते पानात नव्हतं."

विजयमाला तिथंच बसून राहिली. पहिला आठवडा. पहिल्या दिवशीचं ताट लांब सारलेलं. डोळ्यांतलं पाणी. आणि दुसऱ्या दिवशी सगळं साफ. एका रात्रीत भूक कशी परत आली? तुंबलेलं यकृत एका रात्रीत मोकळं होत नाही. तिनं त्याला सुधारणा म्हटलं होतं, मोठ्या आवाजात.

ती उठून मागच्या अंगणात गेली. रंगूबाई चुलीपाशी होती. सून खाईना तरी तिनं वरण शिजवलं होतं आणि आता ते नुसतंच ढवळत होती.

"आजी, मला थोडं वाढा."

"अवो, तुमी कायले? रोग्याचं जेवन हाय ते."

"वाढा ना. भूक लागलीय."

रंगूबाई तिच्याकडे पाहत राहिली. वाटी हातात घेतली आणि तशीच धरून राहिली. मग तिनं वरण वाढलं. विजयमालेनं बोट बुडवून चाखलं. मीठ नीट होतं. जास्तही नव्हतं, कमीही नव्हतं. चांगल्या हाताचं, रोजच्या अंदाजाचं मीठ.

विजयमालेला रागवायचं होतं. सकाळपासूनचा सगळा घाबरेपणा त्या म्हातारीवर ओतावासा वाटत होता. पण रंगूबाईनंच तोंड उघडलं.

"पहिल्या रोजी देल्लं होतं मी अळनी. तुमच्या पुढ्यात देल्लं. तिनं काय म्हनलं, तुमी आयकलं नाई. तुमी गेल्यावर म्हनली, 'आत्याबाई, मी मेल्यावर खा हे. मी जिती हाय तवर काहून चारता?'" तिनं डाव बाजूला ठेवला. "आमच्या घरी सुतकात अळनी खातात, बाई. मानूस गेलं का दहा दिवस चुलीत मीठ नाई. माह्या दोन पोरांच्या वक्ताले मी खाल्लं. ह्यांच्या वक्ताले खाल्लं. तेच ताट मी जित्या सुनेपुढे कसं ठेवू? तिले वाटलं, डाक्तरनं हात टेकले, म्हनून हे तयारी करून राह्यले."

"मग मला का नाही सांगितलं? मी दोनदा विचारलं."

"तुमी इचारलं, 'डॉक्टरांनी सांगितलं तसंच करता ना?' अन् बबन बाजूले उभा. डाक्तरसायेबाच्या शब्दाले नाई कसं म्हनू? म्हनलं हो." तिनं पदरानं नाक पुसलं. "चिमूटभर मिठानं काय होते, असं वाटलं मले. तिनं पोटभर खाल्लं, मले बरं वाटलं. मीच मारलं का तिले, बाई?"

विजयमाला चुलीपाशी बसली. पातळ झालेला धूर दोघींच्या मधून जात होता. पुस्तकात मीठ म्हणजे मीठ होतं. ते कुणाच्या घरी कधी सोडतात, हे कुठल्याच पानावर नव्हतं. आणि ते तिनं या बाईला एकटीला, चुलीपाशी बसून, कधी विचारलं नव्हतं. खाटेपाशी उभं राहून, नवऱ्यादेखत, ज्याचं उत्तर हो असंच येणार, तसा प्रश्न टाकला होता.

"नाही मारलं," ती म्हणाली. "पण आता मीठ बंद झालं नाही तर औषधाला जागाच राहणार नाही. आजी, तुमच्याकडे मीठ फक्त सुतकातच सोडतात?"

"नाई," रंगूबाई सावकाश म्हणाली. "देवीचा नवस असला का सोडतात. माह्या सासूनं सोडलं होतं, वर्साभराचं. ते वेगळं. ते सवाष्णीचं. तवा आधी कुकू लावतात, दिवा लावतात, ताटापाशी तुळशीचं पान ठेवतात." तिनं वरणाचं पातेलं चुलीवरून खाली उतरवलं. "ते अळनी वेगळं, बाई."

संध्याकाळी दिवेलागणीला विजयमालेनं पाहिलं, तेव्हा कस्तुराबाईच्या कपाळावर ठसठशीत कुंकू होतं. खिडकीत पणती होती. रंगूबाईनं सुनेच्या हातात तुळशीचं पान दिलं आणि मोठ्यानं, साऱ्या खोलीला ऐकू जाईल असं म्हणाली, "देवी माय, माही सून उठून बसू दे. तवर तिचं बी मीठ तुह्यापाशी, अन् माहं बी."

"तुमचं काहून, आत्याबाई?" कस्तुराबाईनं क्षीण आवाजात विचारलं.

"मंग काय तू एकटीच पुण्य घेतं? मोठी आली!"

कस्तुराबाई हसली नाही, पण तिनं पदर तोंडाशी नेला. दुधाचे दोन घोट तिनं घेतले, आणि ते राहिले.

त्यानंतरचे दिवस कुणालाही आठवायला नकोसे वाटत. डॉक्टर रोज ऐकायचे आणि नळी विजयमालेकडे द्यायचे. जोडीचे ठोके तसेच होते. एका दुपारी मध्येच एवढी मोठी पोकळी पडली की विजयमाला डॉक्टरांना हाक मारायला वळली, आणि तेवढ्यात ठोका परत आला. सूज मांडीपर्यंत चढली. बबनरावानं गुलाबजामच्या दुकानाकडे जाणं सोडलं होतं. तो दाराबाहेर उकिडवा बसून राहायचा. मदनसिंगानं थट्टा करणं सोडलं आणि तो तिच्या उशा रचू लागला, एकीवर एक, न सांगता.

मग उलटी थांबली. भिंत पुन्हा पांढरी झाली. जोड्या तुटल्या, ठोके पुन्हा बेतालच पण एकेकटे पडू लागले, आणि हळूहळू वाढू लागले. वाढले तशी डॉक्टरांनी गोळी परत सुरू केली, अगदी थोडी. पुढे पाऱ्याची एक कुपी, आधी नवसागर देऊन. या वेळी लघवी झाली आणि सूज उतरली ती उतरलीच. इंजेक्शनही तेच होतं, पानही तेच होतं.

नागपूरला परत जायच्या आदल्या सकाळी डॉक्टरांनी तिघांसाठी नाही, चौघांसाठी ओसरीवर जागा करायला सांगितली. कस्तुराबाईला खुर्चीत बसवून बाहेर आणलं. पाठीशी रंगूबाई उभी राहिली.

"हिचं सगळं मांड," डॉक्टर विजयमालेला म्हणाले. "मी परीक्षक."

तिनं मांडलं. सांध्यांचा ताप, अरुंद झडप, थरथरणारा कप्पा, उजवीकडचं आणि डावीकडचं तुंबणं. औषधं आणि त्यांचं विष. बिघाडाचं कारण: मीठ, आणि ते न शोधता वाढवलेलं पान. हे शेवटचं तिनं आवाज न उतरवता सांगितलं.

"आज वर्ग कोणता?"

तिच्या ओठांवर उत्तर होतं. ते तिनं तिथंच ठेवलं. ती वळून कस्तुराबाईपाशी गेली आणि खुर्चीशेजारी खाली बसली. "घरी कोणती कामं करत होतीस तू? आजारी नव्हतीस तेव्हा."

"सारीच. दळन, पानी. हिरीवरून दोन घागरी, डोक्यावर अन् कमरेवर. कापूस येचाले बी जाओ."

"आणि आता काय जमतं?"

"काल अंगनातल्या तुयशीपाशी गेली. दिवा लावला." ती जरा लाजली. "येतानी मधी बसा लागलं."

"तिसरा," विजयमाला म्हणाली. तिनं डॉक्टरांकडे पाहिलं नाही.

कस्तुराबाईला वर्ग कळला नाही, पण काहीतरी ठरलं एवढं कळलं. तिनं विजयमालेचा हात धरला. "बाई, पानी आनाले कवा जाईन मी?"

हृदयातलं दार अरुंद होतं ते अरुंदच राहणार होतं. ते रुंद करणारं औषध कपाटात नव्हतं आणि मुंबईहूनही येणार नव्हतं. डॉक्टर रस्त्याकडे बघत होते. हा प्रश्न त्यांनी तिच्यासाठी सोडला होता.

"नाही जाणार, कस्तुराबाई," ती म्हणाली. "पाणी नाही, दळण नाही, कापूस नाही. मूल तर मुळीच नाही. गोळी रोज आणि मीठ कधीच नाही. एवढं केलंस तर तुळशीपर्यंत जाशील. रोज जाशील."

कस्तुराबाईनं ऐकून घेतलं. तिच्या हाताची पकड सुटली नाही.

"पानी मी आनीन," रंगूबाई मागून म्हणाली. "माह्या डोक्यावर का घागर मावत नाई?"

"तुमचं वय काय, आत्याबाई?"

"तुले कायले पायजे? तू दिवा लाव."

दुपारी बबनरावानं गाडी जुंपली. सरकीचं पोतं पुन्हा पाठीशी लावलं. निघण्याआधी रंगूबाईनं अंगणातली चूल विझवली, दगड बाजूला केले आणि उरलेली भाकर एका फडक्यात बांधून विजयमालेच्या हाती दिली. गाडी कापसाच्या गाड्यांच्या रांगेत शिरून दिसेनाशी होईपर्यंत विजयमाला दारात उभी राहिली. मग तिनं फडकं सोडलं, एक तुकडा मोडला आणि तोंडात घातला.

भाकर अळणी होती. फडक्याच्या कोपऱ्यात तुळशीचं एक पान होतं.